आरएमएस व्हॅल्यू: त्रिकोणी वेव्हने किती तापतं आणि का, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या पानावर सगळीकडे एकच उदाहरण धरलंय. १२ ओहमचा एक रेझिस्टर आणि त्याच्यावर त्रिकोणी वेव्ह, जी शून्यातून सरळ रेषेत +१२ व्होल्टपर्यंत चढते, तिथून तशीच सरळ उतरत -१२ ला जाते आणि परत शून्यावर येते. आकडे मुद्दाम असे घेतलेत की कॅल्क्युलेटर फार लागू नये.

आरएमएस म्हणजे नेमकं काय? सरासरीच ना?

सरासरीच आहे, पण व्होल्टेजची नाही. व्होल्टेजच्या वर्गाची सरासरी काढायची आणि मग शेवटी त्याचं वर्गमूळ घ्यायचं. आधी वर्ग, मग सरासरी, मग मूळ, हा क्रम बदलला की उत्तर चुकलंच म्हणून समजा.

साधी सरासरी काढली तर आपल्या वेव्हची शून्य येते, कारण जेवढी वर तेवढीच खाली, आणि रेझिस्टर तर हात लावू देत नाही इतका तापलेला असतो. म्हणजे साधी सरासरी इथे कामाची नाही एवढं तर दिसतंच. मग लोक म्हणतात ठीक आहे, मायनस काढून टाकू, नुसता आकडा घेऊ, मग सरासरी ६ येईल (० ते १२ च्या बरोबर मध्ये). हे ऐकायला एकदम बरोबर वाटतं आणि तरीही चूक आहे, ते कसं ते पुढच्या प्रश्नात.

मग ६ व्होल्ट डीसी लावलं तर तेवढंच तापणार नाही का?

नाही, कमी तापेल. ६ व्होल्ट डीसी १२ ओहमवर म्हणजे ३६ भागिले १२, ३ वॉट. आपली त्रिकोणी वेव्ह देते ४ वॉट. फरक थोडाथोडका नाही, पूर्ण एक वॉट आहे.

कारण असं की रेझिस्टरमध्ये होणारी उष्णता व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दुप्पट केलं की करंटही दुप्पट होतो, आणि पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार, म्हणून चौपट. हा जूलचा नियम, १८४० च्या सुमाराचा, आणि आरएमएसची सगळी भानगड या एका वर्गातून आलीये.

आता वेव्हमधले दोनच क्षण घ्या, एक ३ व्होल्टचा आणि एक ९ चा. दोघांची सरासरी ६. पण ३ व्होल्टला पॉवर पाऊण वॉट आणि ९ व्होल्टला पावणेसात वॉट, दोघांची सरासरी पावणेचार. ६ व्होल्टला सतत मिळाले असते ३. म्हणजे वेव्ह ६ च्या खाली जाते तेव्हा जेवढं गमावते त्यापेक्षा ६ च्या वर जाते तेव्हा जास्त कमावते, दोन्ही बाजूचं अंतर सारखंच असलं तरी. वेव्ह जितकी जास्त वरखाली होते तितकी ही जादा कमाई वाढते. म्हणून आरएमएस हा नुसत्या आकड्यांच्या सरासरीपेक्षा कधीच कमी नसतो, आणि दोन्ही सारखे फक्त तेव्हाच येतात जेव्हा आकडा हलतच नाही, म्हणजे शुद्ध डीसी किंवा चौकोनी वेव्ह.

पण डीसीशी मॅच होतं हे सिद्ध कसं करायचं? का हा योगायोग आहे?

योगायोग कसला, व्याख्याच तशी बांधलीये. प्रश्न असा विचारायचा की किती व्होल्ट डीसी लावलं तर या रेझिस्टरमध्ये तेवढीच सरासरी पॉवर जाईल? त्या डीसीला V म्हणू. डीसीची पॉवर `V²/R`. वेव्हची पॉवर दर क्षणाला `v²/R`, आणि तिची सरासरी म्हणजे `(v² ची सरासरी)/R`, कारण R बदलत नाही म्हणून तो सरासरीच्या बाहेर काढता येतो. दोन्ही सारखे ठेवले की R दोन्हीकडून उडतो:

`V² = v² ची सरासरी`

आणि मूळ काढलं की झाला आरएमएस. बस, एवढंच आहे. R उडाला हे मात्र लक्षात घ्या, त्यामुळेच आरएमएस हा वेव्हचा स्वतःचा गुण ठरतो, रेझिस्टर १२ ओहमचा असो की १२०० चा. आणि R न बदलणं हीच अटही आहे. जुन्या पद्धतीच्या फिलामेंट बल्बचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर कितीतरी पटीने वाढतो, मग थंड असताना मोजलेला R घेऊन पॉवर काढायला गेलात तर हिशोब फसणारच. त्यात आरएमएसचा काही दोष नाही.

त्रिकोणी वेव्हला वर्गमूळ ३ कुठून येतं? इंटिग्रेशन न करता सांगा.

आधी हाताने करून बघू. शून्यापासून १२ पर्यंतच्या चढाचे सहा सारखे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या मधलं व्होल्टेज घ्या: १, ३, ५, ७, ९, ११. वर्ग: १, ९, २५, ४९, ८१, १२१. बेरीज २८६, भागिले ६ म्हणजे ४७.६७. मूळ ६.९०.

तुकडे बारीक करत गेलात की ही ४७.६७ हळूहळू ४८ वर जाऊन थांबते. आणि ४८ म्हणजे १४४ चा बरोबर तिसरा हिस्सा. म्हणजे वर्गाची सरासरी = पीकच्या वर्गाचा एक तृतीयांश, आणि मूळ घेतलं की

`V_rms = V_p/√3 = 12/1.732 = 6.93 V`

ज्यांना इंटिग्रेशन चालतं त्यांच्यासाठी एका ओळीत: ० ते १ मध्ये x² चं इंटिग्रल x³/३, म्हणजे १/३. तो ३ हाच, दुसरा कुठलाही नाही. साइनला २ येतो, त्रिकोणाला ३, आणि परीक्षेत घाईघाईत त्रिकोणालाही ०.७०७ ने गुणून येणारे दरवर्षी असतातच.

बाकीच्या चढउतारांचं काय? काही नवीन नाही. वेव्हचे चार सारखे भाग आहेत, चढ, उतार, खालचा उतार, खालचा चढ, आणि वर्ग घेतल्यावर चौघांचाही तोच हिशोब होतो, त्यामुळे एका पाव सायकलचं उत्तर हेच पूर्ण सायकलचं उत्तर.

आता पॉवर: ४८ भागिले १२ = ४ वॉट. टोकावर क्षणभर १२ वॉट जातात (१४४ भागिले १२), सरासरी ४. म्हणजे त्रिकोणी वेव्हची सरासरी पॉवर ही पीक पॉवरची तिसरा हिस्सा असते, साइनची निम्मी असते, चौकोनीची पूर्ण. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं तर मुळं बिळं सगळी परत काढता येतात.

सॉटूथ असली, म्हणजे हळू चढून झपकन उतरणारी, तर वेगळा फॉर्म्युला?

नाही, तोच. `V_p/√3`. कारण उष्णतेला हे कळतच नाही की व्होल्टेज कुठल्या क्रमाने आलं, तिला फक्त एवढंच कळतं की कुठल्या पातळीवर किती वेळ गेला. सरळ रेषेत चढणारी वेव्ह प्रत्येक पातळीवर सारखाच वेळ थांबते, मग ती हळू चढो की जोरात. त्यामुळे तिरका त्रिकोण, सरळ त्रिकोण, सॉटूथ, सगळ्यांचा आरएमएस एकच, जोपर्यंत कडा सरळ आहेत आणि दोन्ही टोकं तीच आहेत. कडा वाकल्या की संपलं (कपॅसिटर चार्ज होताना जशी वाकडी कड येते ना तशी), मग नवीन हिशोब.

मल्टीमीटर ६.६६ का दाखवतो, ६.९३ का नाही?

कारण तुमचा मीटर ट्रू आरएमएस नाहीये. स्वस्तातले मीटर वर्ग करतच नाहीत. ते वेव्ह रेक्टिफाय करतात, साधी सरासरी काढतात (आपल्या केसमध्ये ६) आणि तिला १.११ ने गुणून डिस्प्लेवर टाकतात. हा १.११ साइनसाठीचा आकडा आहे, साइनचा आरएमएस तिच्या रेक्टिफाइड सरासरीच्या १.११ पट असतो म्हणून. मीटर गृहीत धरतो की तुम्ही घरातली मेनच मोजताय.

त्रिकोणाला हवा होता १.१५५ (६.९३ भागिले ६). मिळाला १.११. म्हणून ६ गुणिले १.११ = ६.६६, जवळपास ४ टक्के कमी. ४ टक्के म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण पॉवर काढताना वर्ग होतो, ६.६६ चा वर्ग भागिले १२ म्हणजे ३.७ वॉट, खरे ४. साडेसात टक्के गेले. चौकोनी वेव्हवर हाच मीटर उलट ११ टक्के जास्त दाखवतो.

मीटर कुठल्या जातीचा आहे हे लेबल न वाचता ओळखायचं असेल तर स्कोपवर पीक बघा आणि मीटरचं रीडिंग त्याने भागा. त्रिकोणावर ०.५७७ आलं तर ट्रू आरएमएस, ०.५५५ आलं तर सरासरीवाला. फ्रीक्वेन्सी मात्र कमी ठेवा, शंभर दोनशे हर्ट्झ वगैरे. काही मीटर थोड्या किलोहर्ट्झलाच कमी दाखवायला लागतात, आणि मग चूक कशाची हेच कळत नाही.

ट्रू आरएमएस मीटर आहे, तरी उत्तर चुकतंय. वेव्ह ० ते १२ अशी वरच वर आहे.

हा प्रश्न खूप येतो आणि यात मीटर बिचारा बरोबर असतो. बऱ्याच ट्रू आरएमएस मीटरमध्ये एसी रेंजला आत कपॅसिटर असतो, तो डीसी भाग अडवतो, मग मीटर फक्त उरलेल्या हलणाऱ्या भागाचा आरएमएस दाखवतो.

तुमची वेव्ह ० ते १२ मध्ये फिरतेय, म्हणजे ६ व्होल्ट डीसी आणि त्याच्यावर बसलेला ±६ चा त्रिकोण. त्या छोट्या त्रिकोणाचा आरएमएस ६ भागिले १.७३२, म्हणजे ३.४६. मीटर एसीवर हेच दाखवणार. आता त्याच दोन टोकांवर मीटर डीसीला फिरवा, ६ दिसेल. दोघांना जोडायचं, पण सरळ बेरीज नाही, वर्गांची बेरीज: ३६ अधिक १२ = ४८. मूळ ६.९३.

परत ६.९३! म्हणजे ० ते १२ ची वेव्ह आणि -१२ ते +१२ ची वेव्ह रेझिस्टरला अगदी सारख्या तापवतात, आणि असायलाच हवं, कारण मायनस बाजूचा वर्ग केला की ती वरच येते. काही मीटरला एसी प्लस डीसी असं वेगळं सेटिंग असतं, ते असेल तर हा हिशोब करायची गरज नाही.

वर्गांची बेरीज का, साधी का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: (६ + त्रिकोण) चा वर्ग उलगडला की मध्ये २ × ६ × त्रिकोण अशी एक टर्म येते, आणि त्रिकोणाची सरासरी शून्य असल्यामुळे ती पूर्ण सायकलमध्ये शून्य होते. उरतात फक्त दोन वर्ग.

स्कोपवरून डेटा घेऊन कॉम्प्युटरवर काढलं तर?

बेस्ट. फाइलमध्ये फक्त व्होल्टेजचा एक कॉलम ठेवा आणि

```python
import numpy as np
v = np.loadtxt("wave.csv")
print(np.sqrt(np.mean(v**2)))
```

यात फसायची एकच मोठी जागा आहे, ती म्हणजे सायकल अर्धवट कापणं. समजा शून्यापासून सुरू करून एक पूर्ण सायकल आणि वर आणखी एक अष्टमांश सायकल घेतली. तो जादाचा तुकडा फक्त ० ते ६ व्होल्टमध्ये आहे, म्हणजे त्याच्या वर्गाची सरासरी १२, बाकीच्याची ४८. दोन्ही मिळून सरासरी ४४ येते आणि आरएमएस ६.६३, सव्वाचार टक्के कमी. गंमत म्हणजे ही चूक साध्या मीटरच्या चुकीसारखीच दिसते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. एकतर नेमक्या पूर्ण सायकली कापा, नाहीतर इतक्या शेकडो सायकली घ्या की टोकाच्या तुकड्याने काही फरक पडू नये.

प्रत्यक्ष तापवून बघता येईल का? लॅबमध्ये करायचंय.

येईल, आणि करावंच, कारण बाकी सगळं कागदावरचं आहे. १२ ओहम १० वॉटचा सिमेंटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, त्याच्या अंगाला थर्मोकपल घट्ट चिकटवा. फंक्शन जनरेटर सरळ जोडू नका, त्याचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स साधारण ५० ओहम असतो, १२ ओहम लावले की व्होल्टेज पार बसतं. मध्ये एक पॉवर अँप्लिफायर लागेल, टोकाला १ अँपिअर देऊ शकेल असा. फ्रीक्वेन्सी २०० हर्ट्झ वगैरे.

स्कोपवर रेझिस्टरच्या दोन टोकांवर ±१२ येईपर्यंत वाढवा आणि त्रिकोणाची शेंडी बघत राहा. शेंडी सपाट झाली म्हणजे अँप्लिफायर क्लिप होतोय, मग तो त्रिकोण राहिला नाही आणि `√3` पण राहिला नाही. अँप्लिफायर ब्रिज टाइपचा असेल तर त्याच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, स्कोपचा ग्राउंड क्लिप त्यातल्या एकीला लावलात तर अँप्लिफायर उडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. इथेच सगळे घाई करतात, पाच मिनिटांत रीडिंग घेतात. असल्या जाड रेझिस्टरला चांगला वेळ लागतो, आकडा काही मिनिटं हलला नाही की मगच लिहा. मग अँप्लिफायर काढून बेंच सप्लायवरून ६.९३ व्होल्ट डीसी लावा. तापमान जवळजवळ हललंच नाही पाहिजे. नंतर ६.०० लावा आणि ते खाली येताना बघा, ३ वॉटवर किती फरक पडतो ते डोळ्याने दिसतं. फॅन बंद, खिडकी बंद, रेझिस्टर जिथे आहे तिथेच. वाऱ्याची झुळूक एक वॉटचा फरक सहज खाऊन टाकते.

सप्लायचा आकडा सप्लायच्या डिस्प्लेवर वाचू नका, रेझिस्टरच्या टोकांवर मीटरने मोजा. अर्ध्या अँपिअरच्या वर करंट आहे, क्लिपच्या वायरीत थोडं व्होल्टेज पडतंच.

फ्रीक्वेन्सी बदलली तर आरएमएस बदलतो का?

फॉर्म्युल्यात फ्रीक्वेन्सी कुठेच नाही, त्यामुळे नाही. पण "डीसीइतकंच तापतं" या वाक्यात एक गोष्ट लपलेली आहे, ती म्हणजे रेझिस्टर इतका संथ आहे की त्याला वेव्हचे चढउतार जाणवतच नाहीत, फक्त सरासरी जाणवते. २० सेकंदांची एक सायकल लावून बघा. पॉवर दर १० सेकंदांनी शून्यावर येते आणि १२ वॉटला जाते (सायकलमध्ये दोनदा, कारण मायनस टोकही तापवतं). सिमेंटचा जाड रेझिस्टर तरी ते बरंच पचवेल, पण अंगाने छोटा असेल तर तो प्रत्येक टोकाला खरंच जास्त तापतो. आरएमएस तेव्हाही बरोबरच असतो, पण रेझिस्टर जळणार की नाही हे तो एकटा सांगू शकत नाही.

एसएमपीएसमधल्या इंडक्टरचा करंट त्रिकोणी असतो, तिथे हेच वापरायचं?

हो, आणि खरं सांगायचं तर त्रिकोणाचा आरएमएस सगळ्यात जास्त कामाला इथेच येतो. समजा सरासरी ५ अँपिअर आणि त्याच्यावर वरपासून खालपर्यंत २ अँपिअरचा रिपल, म्हणजे करंट ४ आणि ६ च्या मध्ये फिरतोय. रिपलचं पीक १, त्याच्या वर्गाची सरासरी १/३. एकूण २५ अधिक ०.३३ = २५.३३, आरएमएस ५.०३. म्हणजे तांब्यातली उष्णता एक सव्वा टक्काच वाढली, इंडक्टरच्या वायरसाठी या रिपलची फार काळजी करायची गरज नाही.

पण बक कन्व्हर्टरच्या आउटपुट कपॅसिटरकडे बघा. डीसी भाग लोडकडे जातो, कपॅसिटरमधून जवळपास नुसता रिपल फिरतो, ०.५८ अँपिअर आरएमएस, आणि कपॅसिटरच्या डेटाशीटवर रिपल करंटची मर्यादा आरएमएसमध्येच दिलेली असते. तिथे २ किंवा १ घालून हिशोब केलात तर उगाच मोठा कपॅसिटर घ्याल.

म्हणजे पॉवर काढायला सगळीकडे आरएमएसच घालायचं?

नाही. जिथे उष्णता करंटच्या वर्गाने जाते तिथेच. बॅटरी चार्ज करताना किती चार्ज आत गेला हे करंटच्या साध्या सरासरीवर ठरतं, आरएमएसवर नाही, इलेक्ट्रोप्लेटिंगचंही तसंच. डायोडमध्ये व्होल्टेज साधारण ठरलेलं असतं, ०.७ वगैरे, म्हणून तिथली उष्णता मुख्यतः सरासरी करंट गुणिले ते व्होल्टेज. मॉसफेट चालू असताना मात्र रेझिस्टरसारखा वागतो, तिथे परत आरएमएस. एकाच सर्किटमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या दोन पार्ट्सना दोन वेगळे आकडे लागतात, डायोडला सरासरी आणि मॉसफेटला आरएमएस, आणि हीट सिंक निवडताना हेच उलटसुलट होतं.

आणि लोडमध्ये कॉइल किंवा कपॅसिटर असेल तर व्होल्टेजचा आरएमएस गुणिले करंटचा आरएमएस म्हणजे खरी पॉवर नव्हे. ते व्होल्ट-अँपिअर झाले. खरी पॉवर हवी तर दर क्षणाला दोघांचा गुणाकार करून त्याची सरासरी काढावी लागते, नुसत्या रेझिस्टरवर दोन्ही उत्तरं सारखी येतात म्हणून आपल्या १२ ओहमच्या उदाहरणात हा प्रश्न आला नाही.